धुण्यात सापडलेली गोळी: आधी मोजा, मग ओळखा

*ताई, गेल्या रविवारी मशीनमधून कपडे काढताना सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात एक पांढरी गोल गोळी सापडली. शर्टाच्या बटणापेक्षा बरीच मोठी. ओली असताना बोटाला बुळबुळीत लागत होती, कडा झिजल्या होत्या, पण अख्खी होती. सासऱ्यांना मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. ते म्हणाले, “माझीच असणार, दे इकडे, वाळवून घेतो.” सासूबाई म्हणाल्या, टाकून दे. फोनवर फोटो टाकून शोधलं तर तशाच दिसणाऱ्या ढीगभर गोळ्या आल्या. घरात पावणेदोन वर्षांची मुलगी आहे, मिळेल ते तोंडात घालते. ती ठणठणीत आहे, पण मला अजून धास्ती वाटते. गोळी एका डबीत ठेवली आहे. तेव्हा नेमकं काय करायला हवं होतं? आणि आता या गोळीचं काय करू?*

मुलगी ठणठणीत आहे आणि रविवारला काही दिवस होऊन गेले आहेत, म्हणजे त्या दिवसापुरती काळजी संपली. सासऱ्यांना गोळी दिली नाहीत हे योग्यच केलंत. पण सासूबाईंच्या सांगण्यावरून लगेच टाकलीही नाहीत, हे त्याहून चांगलं झालं. अशी गोळी सापडली की बहुतेक घरांत दोनच विचार होतात, कुणाची आहे आणि टाकायची कुठे. तिसरा आणि सगळ्यांत निकडीचा प्रश्न राहूनच जातो: ही एकटीच बाहेर पडली होती का?

खिशातून एक गोळी मशीनमध्ये गेली, तर दुसरी खिशातून जमिनीवरही पडली असू शकते. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल घरात असेल तर गोळीचं नाव शोधण्याच्या आधी हिशोब करायचा. मूल कुठे आहे, काय करतंय, तोंडात काही आहे का, हे बघायचं. ओठांवर, जिभेवर, बोटांवर पांढरी किंवा रंगीत पूड दिसते का तेही बघायचं. मग धुण्याची टोपली, मशीनच्या दारापाशी असलेल्या रबराच्या घडीतली खाच, ड्रम, गाळणी आणि कपडे जिथे गोळा केले होते तिथली जमीन तपासायची. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या रबरी घडीत गोळ्या, नाणी, पिना हमखास अडकतात. बोट घालून ती घडी पूर्ण फिरवून बघा.

त्यानंतर घरातल्या सगळ्या चालू औषधांच्या स्ट्रिप बाहेर काढून मोजायच्या. ज्या गोळीवर संशय आहे तेवढीच नव्हे, सगळ्या. सापडलेली गोळी कोणती हे अजून ठरलेलं नाही, मग एकच स्ट्रिप मोजून काय कळणार?

मोजण्याचा नियम साधा आहे: स्ट्रिपमधून फोडलेल्या गोळ्या म्हणजे घेतलेल्या गोळ्या अधिक हातात असलेल्या गोळ्या. समजा ग्लिमेपिराइडची गोळी रोज सकाळी एक आहे. नवी स्ट्रिप १ तारखेला सकाळी सुरू केली आणि आज ८ तारीख आहे, सकाळची गोळी घेऊन झाली आहे. म्हणजे ८ घरं रिकामी हवीत. ९ रिकामी निघाली आणि एक तशीच गोळी हातात सापडली, तर हिशोब जुळला असं वाटतं. पण थांबा, इथेच गफलत होते. सासऱ्यांनी मध्ये एक दिवस गोळी घ्यायची चुकवली असेल, खिशात टाकली आणि विसरले असतील, तर त्यांनी ७च घेतल्या. ७ पोटात, १ हातात, म्हणजे ८. फोडलेल्या मात्र ९. एक गोळी अजून कुठेतरी आहे. म्हणून स्ट्रिप मोजताना शेजारी बसून विचारायचं, “या दिवसांत एखाद्या दिवशी राहिली होती का?” आणि हे दरडावून विचारायचं नाही. दटावलं की माणूस “छे, सगळ्या वेळेवर घेतल्या” असं सांगून मोकळा होतो आणि हिशोब खोटा ठरतो.

आकडा जुळत नसेल, किंवा जुळतोय की नाही याची खात्रीच नसेल, आणि मूल त्या जागी एकटं फिरलेलं असेल, तर त्याने गोळी खाल्ली आहे असं धरून चालायचं. लक्षणांची वाट बघायची नाही. तुमच्या घरातल्या तीन औषधांपैकी मेटफॉर्मिनच्या एका गोळीने लहान मुलाला मोठा अपाय होण्याची शक्यता कमी. बाकीच्या दोघांचं तसं नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. शरीरात साखर जास्त असो वा नसो, ते आपलं काम करतंच. मधुमेह नसलेल्या, १०-११ किलो वजनाच्या मुलात या गटातल्या औषधाची एक गोळीही रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकते. आणि ते लगेच होईल असं नाही. मूल दुपारी खेळतं, जेवतं, खाण्यामुळे साखर सावरून धरली जाते. मग रात्री झोपेत, पोट रिकामं झाल्यावर ती घसरते. घाम, अंग गार पडणं, विचित्र चिडचिड, थरथर, उठवूनही न उठणारी झोप, आकडी, अशी ती लक्षणं. झोपलेल्या मुलात यातली निम्मी कुणाला दिसतच नाहीत. म्हणूनच अशा मुलांना रुग्णालयात ठेवून ठरावीक वेळाने साखर तपासतात, बहुतेकदा रात्रभर. “दोन तास बघितलं, काही झालं नाही” याला या औषधाच्या बाबतीत काही अर्थ नाही. अ‍ॅम्लोडिपिनचंही तसंच आहे, ते रक्तात पूर्ण चढायलाच ६ ते १२ तास लागतात आणि मग रक्तदाब खाली जातो.

डॉक्टरांना किंवा विषबाधा सल्ला केंद्राला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: मुलाचं वय आणि वजन, घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं ताकदीसकट, जास्तीत जास्त किती गोळ्या गेल्या असतील, आणि मूल शेवटचं नजरेसमोर कधी होतं. सापडलेली गोळी आणि सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून सोबत न्या. तोंडात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. गुंगीतल्या मुलाला काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. मूल उठत नसेल, आकडी आली असेल किंवा श्वास नीट नसेल तर फोनवर सल्ला घेत बसू नका, सरळ रुग्णवाहिका.

आता ओळखण्याकडे येते. तुमच्या पत्रातला एक तपशील मला फार उपयोगी वाटला: गोळी बुळबुळीत लागत होती आणि अख्खी होती.

साधी, वेष्टन नसलेली गोळी मुळात पाण्यात फुटण्यासाठीच बनवलेली असते. पोटात गेली की लवकर विरघळावी म्हणून तिच्यात स्टार्चसारखे, पाणी लागताच फुगणारे पदार्थ घालतात. औषधांच्या प्रमाणग्रंथांत अशा गोळीने ३७ अंशांच्या पाण्यात साधारण १५ मिनिटांत फुटलं पाहिजे अशी अट असते, पातळ वेष्टन असेल तर साधारण अर्ध्या तासात. मशीनच्या धुण्यात तर वर घुसळण, साबण आणि पिळणंही आलं. साधी गोळी त्यातून बहुधा शिल्लक राहत नाही. तिची पूड होते आणि गडद कपड्यांवर पांढरे ठिपके तेवढे दिसतात. ग्लिमेपिराइड आणि अ‍ॅम्लोडिपिन यांच्या गोळ्या सहसा छोट्या आणि साध्याच असतात.

मोठी गोळी, पूर्ण धुण्यातून निघाली तरी अख्खी, वर बुळबुळीत थर: हे वर्णन हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळीचं आहे. तिच्यात एक सेल्युलोजपासून बनवलेला पदार्थ असतो. पाणी लागलं की तो भिजवलेल्या डिंकासारखा फुगतो, गोळीभोवती जेलचा थर धरतो आणि आतलं औषध त्यातून तासन् तास झिरपत राहतं. मेटफॉर्मिनच्या गोळ्या अशा प्रकारात सर्रास मिळतात आणि आकाराने चांगल्याच मोठ्या असतात. सासऱ्यांच्या मेटफॉर्मिनच्या स्ट्रिपवर नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर तुमच्या डबीतली गोळी बहुधा तीच.

‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरते आहे. पाण्यात टिकणाऱ्या गोळ्या इतरही असतात. जठरातल्या आम्लात न विरघळता पुढे आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या गोळ्या असतात, साखरेचं जाड वेष्टन असलेल्या असतात, आणि हळूहळू सुटणाऱ्या प्रकारात रक्तदाबाच्या, हृदयाच्या, तीव्र वेदनांच्याही गोळ्या येतात. उलट गोळी शर्टाच्या घडीत अडकून धुण्याच्या शेवटी बाहेर आली असेल तर साधी असूनही टिकली असेल. धुऊन अख्खी निघाली यावरून अंदाज तेवढा बांधता येतो.

तो पक्का करायचा तर घरच्या घरी एक गोष्ट करता येईल. सासऱ्यांची पुढची मेटफॉर्मिनची वेळ होईल तेव्हा त्यांची ताजी गोळी स्ट्रिपमधून अख्खी काढून कागदावर ठेवा, शेजारी ही ठेवा, आणि दोन्हीकडे वरून नव्हे, बाजूने बघा. वरून सगळ्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच दिसतात. बाजूने मात्र फरक कळतो: फुगीर आहे की सपाट, कडेला उतार दिलाय का, पोटाचा पट्टा किती रुंद आहे. मधली रेघ एका बाजूला आहे की दोन्ही, की नाहीच? बॅटरीचा उजेड अगदी तिरका पाडला तर झिजलेलं अक्षर किंवा आकडाही सावलीमुळे वर येतो. ६ आणि ९ उलटसुलट वाचले जातात, शून्य आणि ‘ओ’ सारखेच दिसतात, तेव्हा गोळी फिरवून दोन्हीकडून वाचा. बघून झालं की ताजी गोळी तुमच्या हाताने सासऱ्यांना द्या आणि धुतलेली बाजूला करा. या दोघींची अदलाबदल होणं हीच या सगळ्या उद्योगातली खरी जोखीम आहे, म्हणून दोन वेगळ्या कागदांवर ठेवून कागदांवर आधीच लिहा. चव घेऊन बघणं, चाटून बघणं हे कुणीही करायचं नाही.

फोनवरच्या शोधाने तुमची निराशा का झाली तेही सांगते. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक गोळीवर तिची ओळख पटवणारा छाप असणं नियमाने बंधनकारक आहे. गोळी ओळखून देणाऱ्या बहुतेक याद्या त्या छापावरच उभ्या आहेत. जिथे असा नियम नाही तिथल्या गोळ्या कोऱ्या असतात किंवा त्यांच्यावर नुसती रेघ असते. रेघ म्हणजे ओळख नव्हे, ती गोळी अर्धी करण्यासाठी असते. मग उरतात रंग आणि आकार. तुमच्या गोळीचा रंगही धुण्याने बदललेला असू शकतो, कारण रंग बरेचदा फक्त वरच्या पातळ वेष्टनात असतो आणि ते गेलं की आतला पांढरा गाभा उरतो. म्हणजे आज पांढरी दिसणारी गोळी शर्टात पडली तेव्हा गुलाबीही असू शकते. फोटोवरून जुळलेलं नाव मी मानत नाही. औषधविक्रेत्याकडे गोळी आणि स्ट्रिप दोन्ही घेऊन गेलात तर तो तुमच्यापेक्षा चांगला अंदाज देईल, पण खात्री त्यालाही देता येत नाही. आत काय आहे हे प्रयोगशाळेतच कळतं. बाजारात खऱ्या गोळीचा हुबेहूब छाप मारलेल्या बनावट गोळ्याही असतात. म्हणून घरातल्या कुणाच्याच औषधाशी न जुळणारी गोळी एखाद्या तरुण मुलाच्या खिशात निघाली, तर छापावरचं नाव सौम्य वाटलं तरी निश्चिंत होऊ नका. आधी त्याच्याशी बोला. आणि तो गुंगीत असेल, श्वास मंद असेल तर बोलणं बाजूला ठेवून थेट मदत बोलवा.

सासऱ्यांच्या “वाळवून घेतो” याचं उत्तर. गोळी त्यांचीच निघाली तरी ती घ्यायची नाही. धुण्यात तिच्यातलं काही औषध आधीच पाण्यात गेलं आहे, किती ते सांगता येत नाही. जेलचा थर एकदा फुगून वाळला की तो पुन्हा पहिल्यासारखा काम करत नाही. जे औषध दिवसभर थोडं थोडं यायला हवं ते लवकर सुटू शकतं. त्यावर साबण वेगळाच. आणि आपला अंदाज चुकून ती दुसरीच कुठली गोळी निघाली तर? एक गोळी वाया गेली एवढाच काय तो तोटा, तो सोसावा. कोरडी, न धुतलेली सुटी गोळी पिशवीच्या तळाशी सापडली तरी माझं उत्तर हेच असतं. स्ट्रिपबाहेर ती किती दिवस आहे, तिची मुदत कधी संपली, दमट हवेत तिचं काय झालं, यातलं काहीच तिच्यावर लिहिलेलं नसतं.

हिशोबातून दुसरं एक कळतं, आणि ते तुमच्या सासऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे. गोळी खिशात सापडली म्हणजे एक मात्रा राहिली असण्याची दाट शक्यता आहे. राहिलेली भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, ग्लिमेपिराइडच्या बाबतीत तर मुळीच नाही. वयस्कर माणसाची साखर त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पण असं वरचेवर होत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे. मात्रा चुकल्यामुळे तपासणीत साखर वाढलेली दिसली, तर डॉक्टरांना वाटणार औषध पुरत नाही, आणि ते मात्रा वाढवणार. मग एखाद्या आठवड्यात त्यांनी सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या की ती वाढीव मात्रा अंगावर येते.

कपड्यांची फार चिंता करू नका. एका गोळीचं औषध मशीनभर पाण्यात विरलेलं असतं आणि ते पाणी निघून जातं. मुलीचे कपडे त्याच धुण्यात असतील तर सगळं एकदा साध्या पाण्यातून फिरवून घ्या, मशीनचा ड्रम आणि रबर पुसून घ्या, पुरे. अपवाद आहे तो कर्करोगाच्या गोळ्यांचा, आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटचा. घरात कुणाला यातलं काही चालू असेल तर अशी गोळी उघड्या हाताने उचलू नका, हातमोजे घाला आणि ते कपडे वेगळे पुन्हा धुवा. प्रोस्टेटसाठी किंवा केसांसाठी दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या औषधांच्या फुटलेल्या गोळ्या-कॅप्सूलना गरोदर बाईने हात लावू नये. तुमच्या घरात सध्या यातलं काही नाही, पण पाहुण्यांच्या बॅगेत काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

आता त्या डबीबद्दल. तिच्यावर काही लिहिलं आहे का? नसेल तर घरात एका अनोळखी गोळीची तुम्ही आणखी पक्की सोय करून ठेवली आहे. चार महिन्यांनी ती डबी कुणाच्या तरी हाती लागेल आणि उघडणाऱ्याला काहीच कळणार नाही. तिला आज पाकिटात घाला आणि वर लिहा: तारीख, कुणाच्या शर्टात सापडली, घ्यायची नाही. स्ट्रिपशी ताडून झालं की टाकायची. जवळपास जुनी औषधं परत घेण्याची सोय असेल तर तिथे द्या. नसेल तर ओल्या मातीत किंवा वापरलेल्या चहापुडीत मिसळून, पिशवीची गाठ मारून, कचरा जायच्या दिवशीच बाहेर ठेवा. तसं केलं की मूल किंवा जनावर ती उकरून तोंडात घालत नाही. संडासात टाकू नका, औषध पाण्यात जातं. काही तीव्र वेदनाशामकांच्या बाबतीत, परत देण्याची सोय नसेल तर, ती फ्लश करायला सांगतात, कारण घरात राहिली तर धोका त्याहून मोठा. तशी सूचना त्या औषधाबरोबरच मिळते.

आणि सासरे गोळी खिशात का टाकतात ते एकदा विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: जेवणाबरोबर घ्यायची असते, बाहेर जायचं असतं, म्हणून सकाळीच फोडून खिशात. त्यांना गोळी सुटी न काढता स्ट्रिपचा तुकडा कापून न्यायला सांगा. दोन काळज्या घ्या. कापताना ज्या टोकाला नाव, ताकद आणि मुदत छापली आहे ते टोक शेवटपर्यंत ठेवा, त्या बाजूची गोळी सगळ्यांत शेवटी वापरा. दुसरं म्हणजे एकेका गोळीचे सुटे तुकडे करू नका, दोन-तीन गोळ्यांची पट्टी ठेवा आणि कोपरे गोल कापा. एकाच गोळीचा तुकडा वेष्टनासकट गिळला गेल्याने वयस्कर माणसांच्या अन्ननलिकेला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, ते वेष्टन धारदार असतं. दिवसांची घरं असलेला गोळ्यांचा डबा वापरायचा असेल तर जरूर वापरा, फक्त तो मुलांना सहज उघडतो हे धरून कडीच्या कपाटात ठेवा. काही गोळ्या मूळ वेष्टनाबाहेर टिकतच नाहीत. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन तर मूळ बाटलीतच ठेवावी लागते. म्हणून डबा भरण्याआधी औषधविक्रेत्याला यादी दाखवून घ्या.

धुण्याआधी खिसे बघायचं काम सासऱ्यांकडेच द्या. शर्ट टोपलीत टाकताना स्वतःचा खिसा उलटा करायचा. कोणती गोळी राहिली, कोणती घेतली, हे त्या क्षणी त्यांनाच आठवत असतं. ते लगेच स्ट्रिपवर पेनने लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी मोजताना तुम्हाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.